ताटलीची डगमग आणि सोंगटीची जाडी

दुसरं महायुद्ध संपल्यावर रिचर्ड फाइनमन अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात शिकवायला गेले. तिथल्या उपाहारगृहात एका माणसाने गंमत म्हणून एक ताटली हवेत भिरकावली. ताटलीवर विद्यापीठाचं लाल बोधचिन्ह होतं. ताटली स्वतःभोवती फिरत होती आणि फिरता फिरता डगमगतही होती. फाइनमनना दिसलं की फिरण्याचा आणि डगमगण्याचा वेग सारखा नाही. हातात दुसरं काही काम नव्हतं, म्हणून ते गणित करायला बसले आणि एक सुबक उत्तर हाती आलं: ताटली फारशी कललेली नसेल तर एक वेग दुसऱ्याच्या बरोबर दुप्पट असतो. पुढे १९६५ साली ज्या कामासाठी त्यांना नोबेल मिळालं, त्याची सुरुवात ताटलीच्या या खेळातून झाली असं ते स्वतःच सांगत.

आपल्या आठवणींच्या पुस्तकात फाइनमननी लिहिलं की बोधचिन्ह डगमगण्याच्या दुप्पट वेगाने फिरतं. प्रत्यक्षात उलट घडतं. ताटली एकदा फिरते तेवढ्या वेळात ती दोनदा डगमगते. १९८९ साली ‘फिजिक्स टुडे’ या मासिकात बेंजामिन चाओ यांनी ही उलटापालट दाखवून दिली. चाओ हे पृथ्वीच्या परिवलनाचा अभ्यास करणारे भूभौतिकशास्त्रज्ञ. ताटलीशी त्यांचा संबंध काय, ते पुढे येईलच. मला इथे महत्त्वाचा वाटतो तो ‘दोन’ हा आकडा. दीड नाही, पावणेदोन नाही, दोनच का? त्याचं कारण बारावीच्या भौतिकशास्त्रात शिकवल्या जाणाऱ्या एका छोट्या प्रमेयात आहे. त्याला लंब अक्ष प्रमेय म्हणतात. परीक्षेत सिद्धता विचारतात, मुलं ती पाठ करतात, आणि ‘हे प्रमेय फक्त सपाट वस्तूंना लागू पडतं’ ही शेवटची ओळ लिहून पुढे जातात. या लेखात मी त्या शेवटच्या ओळीपाशीच थांबणार आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. एखादी वस्तू सरळ रेषेत ढकलायला किती जड जाईल, ते फक्त तिच्या वस्तुमानावर ठरतं. ती फिरवायला किती जड जाईल, ते मात्र वस्तुमान अक्षापासून किती दूर आहे यावरही ठरतं. त्यासाठी वस्तूतल्या प्रत्येक कणाचं वस्तुमान घ्यायचं, त्या कणाच्या अक्षापासूनच्या अंतराच्या वर्गाने गुणायचं आणि सगळ्या कणांची बेरीज करायची. येणाऱ्या आकड्याला जडत्व आघूर्ण म्हणतात. विद्यार्थी मोमेंट ऑफ इनर्शिया म्हणतात. अंतराचा वर्ग येत असल्यामुळे दुप्पट दूर असलेला कण चौपट भारी पडतो. आणि अक्ष बदलला की अंतरं बदलतात, म्हणून एकाच वस्तूला वेगवेगळ्या अक्षांभोवती वेगवेगळी जडत्व आघूर्णं असतात. पट्टी मधोमध बोटांत धरून पंख्याच्या पात्यासारखी फिरवली तर जास्त जोर लागतो, लांबीच्या अक्षाभोवती दोन बोटांत गिरकवली तर जवळपास काहीच लागत नाही.

आता एक पातळ सपाट पत्रा टेबलावर ठेवला आहे असं समजा. त्यावर कुठेही एक बिंदू घ्या. त्या बिंदूतून पत्र्याच्याच पातळीत दोन रेषा काढा, एकमेकींना काटकोनात. त्यांना x आणि y म्हणू. त्याच बिंदूतून सरळ वर, पत्र्याला लंब अशी तिसरी रेषा z. प्रमेय म्हणतं की z अक्षाभोवतीचं जडत्व आघूर्ण हे x आणि y अक्षांभोवतीच्या जडत्व आघूर्णांच्या बेरजेइतकं असतं:

Iz = Ix + Iy

पत्रा गोल असो, चौकोनी असो की वाकड्यातिकड्या कडेचा, त्याला भोकं असोत, एक बाजू जड आणि दुसरी हलकी असो, काही फरक पडत नाही. बिंदू मधोमध असण्याचीही गरज नाही. तिन्ही अक्ष एकाच बिंदूत मिळायला हवेत आणि एकमेकांना लंब असायला हवेत, एवढीच अट. आणि अर्थात पत्रा सपाट हवा.

सिद्धता पायथागोरसच्या पलीकडे जात नाही. पत्र्यावरचा एक कण घ्या, त्याचे निर्देशांक x आणि y. x अक्षापासून तो y इतका दूर आहे, y अक्षापासून x इतका. z अक्ष आपल्याकडे वरून पाहिला तर नुसता ठिपका दिसतो, आणि त्या ठिपक्यापासून कणाच्या अंतराचा वर्ग x² + y². म्हणजे x अक्षाच्या हिशेबात y² जमा होतो, y अक्षाच्या हिशेबात x², आणि z अक्षाच्या हिशेबात दोन्हींची बेरीज. हे प्रत्येक कणाला लागू, म्हणून सगळ्या पत्र्याला लागू. झाली सिद्धता.

हिचा उपयोग कसा होतो ते गोल चकतीवर पाहू. z अक्षाभोवतीचं जडत्व आघूर्ण काढणं सोपं जातं, कारण चकती म्हणजे एकात एक बसवलेली वर्तुळाकार कडी, आणि एका कड्यातले सगळे कण z अक्षापासून सारख्याच अंतरावर. उत्तर येतं MR²/2, इथे M हे वस्तुमान आणि R ही त्रिज्या. व्यासाभोवतीचं जडत्व आघूर्ण थेट काढायचं तर कड्यांचा उपयोग नाही, कारण एकाच कड्यातले काही कण व्यासावर असतात तर काही दूर. इथे प्रमेय मदतीला येतं. गोल चकतीला सगळे व्यास सारखे, म्हणून Ix आणि Iy समान. त्यांची बेरीज MR²/2, तर प्रत्येकी MR²/4. कुठलंही नवं गणित न करता उत्तर मिळालं.

ताटलीतला ‘दोन’ हाच आहे. हवेत सुटलेल्या ताटलीला गुरुत्वाकर्षण खाली ओढतं, पण ते तिच्या गुरुत्वमध्यावर काम करतं, तिला पिळत नाही. त्यामुळे तिचा कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा एकूण जोर, दिशेने आणि मापाने कायम राहतो. कायम राहणाऱ्या त्या दिशेभोवती ताटलीचा अक्ष घिरट्या घालतो आणि त्यालाच आपण डगमग म्हणतो. घिरट्यांचा वेग येतो एकूण कोनीय संवेगाला Ix ने भागून. त्याच कोनीय संवेगाचा ताटलीच्या अक्षावरचा भाग म्हणजे Iz गुणिले फिरण्याचा वेग. कल थोडा असेल तर हा भाग आणि एकूण संवेग जवळपास सारखेच. म्हणून डगमगण्याचा वेग भागिले फिरण्याचा वेग बरोबर Iz भागिले Ix. सपाट गोल चकतीसाठी Iz हे Ix च्या दुप्पट, म्हणून एका फेरीत दोन डगमगी. फाइनमनच्या पुस्तकात नुसती बाजू बदलली गेली, आकडा बरोबरच होता.

हे घरी पाहता येतं. जाड पुठ्ठ्याची साधारण २५ सेंटिमीटर व्यासाची चकती कापा आणि कडेला स्केच पेनने एक ठळक लाल ठिपका काढा. चकती आडवी धरून, गिरकी देऊन, किंचित कललेली अशी वर उडवा आणि मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण करा. बऱ्याच फोनवर सेकंदाला २४० चित्रं मिळतात. मग एकेक चित्र पुढे सरकवत दोन गोष्टींवर नजर ठेवा: लाल ठिपका कुठे आहे, आणि चकतीची उचललेली बाजू कुठल्या दिशेला आहे. चकती सेकंदाला चार फेऱ्या घेत असेल तर ठिपका ६० चित्रांनी मूळ जागी येईल, पण उचललेली बाजू ३० चित्रांतच गोल फिरून आलेली असेल. दोन्ही एकाच दिशेने फिरतात. कल जास्त झाला तर गुणोत्तर दोनच्या वर सरकतं, म्हणून चकती फार तिरकी उडवू नये.

आता चकतीला जाडी देऊ. कॅरमची सोंगटी घ्या. स्पर्धेच्या नियमांनुसार तिचा व्यास ३.०२ ते ३.१८ सेंटिमीटर आणि जाडी ७ ते ९ मिलिमीटर असते. आपण व्यास ३१ मिलिमीटर आणि जाडी ८ मिलिमीटर धरू, आणि कडेची गोलाई सोडून देऊ. अक्षांचा आरंभबिंदू सोंगटीच्या अगदी पोटात, मधोमध. वस्तुमान सगळीकडे सारखंच गुणलं जाणार, म्हणून ते बाजूला ठेवून आपण फक्त अंतरांच्या वर्गांची सरासरी पाहू.

त्रिज्या १५.५ मिलिमीटर, तिचा वर्ग सुमारे २४०. त्याचा निम्मा, म्हणजे १२०, हा z अक्षाचा आकडा. जाडीने या आकड्यात काहीच फरक पडत नाही, कारण वरखाली सरकल्याने कण z अक्षापासून दूर जात नाही. प्रमेय लागू असतं तर x अक्षाचा आकडा ६० आला असता. पण सोंगटीतले बहुतेक कण मधल्या पातळीत नाहीत. त्यातला कोणी २ मिलिमीटर वर आहे, कोणी ३ मिलिमीटर खाली. अशा कणाचं x अक्षापासूनचं अंतर फक्त y राहत नाही. त्याच्या वर्गात आता y² सोबत z² देखील येतो. y अक्षाचंही तसंच, तिथे x² सोबत z². त्यामुळे दोन्हींची बेरीज केली की x² + y² तर मिळतंच, पण वर 2z² शिल्लक राहतं. z अक्षाच्या हिशेबात मात्र z² कुठेच नाही. प्रमेय मोडतं ते नेमकं इथे. उंची दोन अक्षांच्या खात्यांवर एकेकदा चढते आणि तिसऱ्याच्या खात्यावर चढतच नाही.

८ मिलिमीटर जाडीत उंची उणे ४ पासून अधिक ४ पर्यंत सारखी पसरलेली आहे. अशा पसरलेल्या उंचीच्या वर्गाची सरासरी जाडीच्या वर्गाचा बारावा भाग येते. ६४ भागिले १२, म्हणजे ५.३. म्हणून x अक्षाचा खरा आकडा ६० नसून ६५.४ आहे, y अक्षाचाही तेवढाच. दोघांची बेरीज १३०.८, आणि z अक्षाचा आकडा १२०.१. फरक १०.७, म्हणजे जवळपास ९ टक्के. हवेत उडवलेली सोंगटी एका फेरीत दोनदा नव्हे, सुमारे १.८४ वेळा डगमगेल.

हाच फरक आणखी एका वाटेने मिळतो, आणि मला ती वाट जास्त आवडते, कारण तीत प्रमेय टाकून द्यावं लागत नाही. सोंगटीचे आडवे काप करा, कागदासारखे पातळ. प्रत्येक काप सपाट आहे, म्हणून त्याच्या स्वतःच्या केंद्रातून जाणाऱ्या अक्षांसाठी प्रमेय तंतोतंत लागू पडतं आणि त्याच्या व्यासाभोवतीचा आकडा ६० च येतो. पण आपल्याला हवा आहे सोंगटीच्या मध्यातून जाणारा एकच x अक्ष, आणि मधला काप सोडला तर बाकी कुठल्याच कापाचा व्यास त्या अक्षावर बसत नाही. प्रत्येक कापाचा आकडा त्याच्या व्यासावरून मधल्या अक्षावर सरकवावा लागतो. ते काम समांतर अक्ष प्रमेय करतं, जे सपाट असो वा घन, कुठल्याही वस्तूला लागू असतं. ते सांगतं की अक्ष केंद्रापासून जेवढा दूर सरकला त्या अंतराचा वर्ग मिळवा. तो वर्ग म्हणजेच z². सगळ्या कापांची सरासरी घेतली की पुन्हा ५.३.

फरक किती पडतो हे जाडी आणि त्रिज्येच्या गुणोत्तरावर ठरतं, आणि तेही वर्गाने. गोल चकतीसाठी फरकाचं प्रमाण जाडीचा वर्ग भागिले त्रिज्येच्या वर्गाची तिप्पट. दहा रुपयांच्या नाण्याचा व्यास २७ मिलिमीटर आणि जाडी सुमारे पावणेदोन मिलिमीटर. तिथे फरक अर्ध्या टक्क्याच्या आसपास आहे. जाडी त्रिज्येच्या सहाव्या भागाहून कमी असेल तर चूक एक टक्क्याच्या आत राहते. प्रयोगशाळेतल्या बहुतेक चकत्या याच मर्यादेत असतात, म्हणून तिथे प्रमेय ‘चालतं’. काटेकोरपणे ते जाडी असलेल्या कुठल्याच वस्तूला लागू नाही.

दुसऱ्या टोकाला पेन्सिल आहे. समजा ती १७.५ सेंटिमीटर लांब आणि ७ मिलिमीटर जाड आहे. लांबीच्या अक्षाभोवती तिचा आकडा सुमारे ६. तीही दंडगोलच, म्हणून कोणी चकतीचं सूत्र उचलून आडव्या अक्षाचा आकडा ६ चा निम्मा, म्हणजे ३ लिहिला, तर? खरा आकडा सुमारे २५५५ आहे. आठशे पटींहून मोठी चूक. अशी चूक उत्तरपत्रिकेत होते ती सूत्रातल्या ‘दंडगोल’ आणि ‘चकती’ या शब्दांकडे पाहून, वस्तूकडे न पाहिल्यामुळे. हातातली पेन्सिल दोन्ही तऱ्हांनी फिरवून पाहणारा मुलगा अशी चूक करणार नाही.

चकती ते पेन्सिल या प्रवासात मध्ये कुठेतरी एक जागा अशी असणार, जिथे उभ्या आणि आडव्या अक्षांचे आकडे सारखे होतात. भरीव दंडगोलाची उंची त्याच्या त्रिज्येच्या सुमारे १.७३ पट केली की तसं होतं. १० सेंटिमीटर व्यासाचा तुकडा सुमारे ८.७ सेंटिमीटर उंच हवा. असा तुकडा फिरण्याच्या बाबतीत चेंडूसारखाच वागतो. मध्यातून जाणारा कुठलाही अक्ष घ्या, जडत्व आघूर्ण तेवढंच.

‘पातळ’ आणि ‘सपाट’ या दोन गोष्टींची गल्लत फार होते. प्रमेयाला पातळपणा नको असतो, सपाटपणा हवा असतो. एका पातळीतून बाहेर पडलेला पत्रा कितीही पातळ असला तरी त्याला ते लागू नाही. फाइनमनच्या ताटलीलाही कड असणारच, म्हणजे तिचं गुणोत्तर दोनपेक्षा किंचित कमीच भरलं असणार. याचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे पोकळ गोल, टेबल टेनिसच्या चेंडूसारखा. त्याचं कवच अगदी पातळ आहे, पण मध्यातून जाणारे तिन्ही अक्ष एकसारखे. तिन्ही जडत्व आघूर्णं समान असताना एक हे उरलेल्या दोघांच्या बेरजेइतकं कसं असेल? प्रत्येक आकडा शून्य असेल तरच.

प्रमेय मोडलं तरी त्याच्या मागचा हिशेब मोडत नाही, आणि त्याच हिशेबातून घन वस्तूंसाठीही एक सुंदर नियम मिळतो. प्रत्येक कण तीनही खात्यांवर काय जमा करतो ते पाहा: x खात्यावर y² आणि z², y खात्यावर z² आणि x², z खात्यावर x² आणि y². प्रत्येक वर्ग बरोबर दोनदा आला. म्हणून तिन्ही जडत्व आघूर्णांची बेरीज म्हणजे प्रत्येक कणाच्या मध्यबिंदूपासूनच्या अंतराच्या वर्गाची दुप्पट, सगळ्या कणांवर मिळवलेली. ही गोष्ट कुठल्याही आकाराच्या वस्तूला खरी आहे. पोकळ गोलात सगळे कण मध्यापासून R अंतरावर. तेव्हा तिन्ही मिळून 2MR², आणि तिन्ही सारखे, म्हणून प्रत्येकी 2MR²/3. पाठ्यपुस्तकात याच उत्तरासाठी पानभर समाकलन असतं. भरीव गोलात अंतराच्या वर्गाची सरासरी त्रिज्येच्या वर्गाच्या तीन पंचमांश असते. ती दुप्पट करून तिघांत वाटली की ओळखीचं 2MR²/5 येतं.

पृथ्वी साधारण गोलच आहे, पण विषुववृत्तावर किंचित फुगलेली. म्हणून ध्रुवीय अक्षाभोवतीचं तिचं जडत्व आघूर्ण विषुववृत्तीय अक्षाभोवतीच्या जडत्व आघूर्णापेक्षा थोडंसंच जास्त आहे, १ ला १.००३३ इतकं. ताटलीत हेच गुणोत्तर १ ला २. आता ताटलीवर बसलेल्या मुंगीच्या नजरेने डगमग पाहू. मुंगी स्वतःच फिरते आहे, म्हणून तिला डगमगीचा फक्त वरचा भाग जाणवतो. दोनातून एक वजा, म्हणजे दर फेरीला एक डगमग. पृथ्वीवर आपण त्या मुंगीच्या जागी आहोत. १.००३३ मधून १ वजा केला तर उरतात ३०५ मध्ये १. म्हणजे पृथ्वीने ३०५ फेऱ्या घेतल्या, ३०५ दिवस गेले, की तिची एक डगमग पुरी व्हावी. अठराव्या शतकात लेओनार्ड ऑयलरच्या गणितातून निघालेला कालावधी हाच. ताटली आणि पृथ्वी यांचं समीकरण एकच आहे, आणि पृथ्वीची डगमग मोजण्यात आयुष्य घालवणाऱ्या चाओ यांच्या नजरेतून ताटलीतली उलटापालट का सुटली नाही ते इथे कळतं.

खगोलशास्त्रज्ञ बरीच वर्षं ३०५ दिवसांची डगमग शोधत राहिले आणि ती सापडली नाही. १८९१ साली सेथ चँडलर या अमेरिकी निरीक्षकाने अक्षांशांच्या नोंदी तपासून दाखवलं की डगमग आहे, पण तिचा काळ सुमारे १४ महिने आहे. आज तो ४३३ दिवसांच्या आसपास मोजला जातो, आणि तिच्यामुळे ध्रुव काही मीटरच्या परिघात हिंडतो. फरकाचं कारण जडत्व आघूर्णांत नाही. पृथ्वी ताटलीसारखी ताठ नाही, हे ते कारण. डगमगताना तिचं घन कवच आणि समुद्र किंचित आकार बदलतात आणि त्यामुळे काळ लांबतो.

प्रमेय मोडण्यातून हाती येणारी सगळ्यात कामाची गोष्ट मात्र त्याहून साधी आहे. आपण पाहिलं की Ix आणि Iy यांची बेरीज Iz पेक्षा 2z² च्या हिशेबाने जास्त भरते. वर्ग कधी ऋण नसतो. म्हणजे ही बेरीज Iz पेक्षा जास्त असेल किंवा समान असेल, कमी कधीच नसेल. कुठल्याही वस्तूचे एकाच बिंदूतले तीन परस्परलंब अक्ष घ्या, त्यातल्या कुठल्याही दोघांची बेरीज तिसऱ्याहून कमी भरणार नाही. आणि ती तंतोतंत समान आली तर प्रत्येक कणाचा z शून्य असला पाहिजे, म्हणजे सगळं वस्तुमान एकाच पातळीत असलं पाहिजे. सपाट पत्र्याचं प्रमेय हे या असमानतेचं अगदी टोकाचं रूप आहे.

यंत्रमानव बनवणाऱ्यांना ही असमानता रोज लागते. हात कसा हलेल, चालताना तोल जाईल का, हे आधी संगणकावर पाहतात, आणि त्यासाठी प्रत्येक भागाची तीन जडत्व आघूर्णं फाइलमध्ये लिहावी लागतात. समजा हाताचा एक भाग २ किलोचा, ३० सेंटिमीटर लांब, १० रुंद आणि ५ जाड असा भरीव ठोकळा आहे. किलोग्रॅम-वर्ग सेंटिमीटरमध्ये त्याचे तीन आकडे येतात २०.८, १५४.२ आणि १६६.७. पहिल्या दोघांची बेरीज १७५, तिसऱ्यापेक्षा ८.३ ने जास्त. ही ८.३ ची वाढ ५ सेंटिमीटरच्या जाडीमुळे आहे. ठोकळा पत्र्याइतका पातळ केला तर ती नाहीशी होईल. आता लिहिताना दशांशचिन्ह सरकलं आणि २०.८ ऐवजी २.०८ पडलं असं समजा. बेरीज होते १५६.३, तिसऱ्या आकड्याहून कमी. अशी वस्तू जगात असूच शकत नाही. तरीही संगणक ती मुकाट्याने हलवायला लागला, तर हात विचित्र थरथरतो, कधी झटक्यात भिरकावला जातो, आणि चूक कुठे आहे ते शोधण्यात दिवस जातात.

म्हणून MuJoCo सारखी प्रणाली फाइल वाचतानाच तिन्ही आकडे तपासते आणि असमानता मोडली असेल तर चूक दाखवून थांबते. तिच्यात `balanceinertia` नावाचा एक पर्याय आहे. तो चालू केला तर थांबण्याऐवजी ती तिन्ही आकड्यांच्या जागी त्यांची सरासरी घालते. माझ्या मते हा पर्याय बंदच ठेवावा, कारण सरासरी घालून काम पुढे सरकतं, पण ठोकळ्याचा चेंडू होऊन बसतो आणि मूळ चूक झाकली जाते. शिवाय या तपासणीची मर्यादा ओळखून असावं. २०.८ च्या जागी चुकून ४० लिहिलं तर कुठल्याही दोघांची बेरीज तिसऱ्याहून जास्तच राहते, आणि तपासणी काहीच बोलत नाही. असंभव आकडे ती पकडते. शक्य असलेले पण चुकीचे आकडे पकडायचे तर तो भाग प्रत्यक्ष दोऱ्यांना टांगून, पिळून सोडावा लागतो, त्याचे झोके मोजावे लागतात आणि त्यांवरून जडत्व आघूर्ण काढून फाइलमधल्या आकड्याशी ताडून पाहावं लागतं.